मदत हवी आहे: सिडनी ऑपेरा हाउसच्या केस स्टडीत कारणं कशी मांडू?

सई_लिहितेय
जाणकारांनी जरा बघा प्लीज. रखडलेला एक मोठा सरकारी प्रकल्प घेऊन कारणं, पुरावे, शिफारशी असं लिहायचंय, मी सिडनीचं ऑपेरा हाउस घेतलं कारण माहिती ढीगभर मिळते, आणि आता तो ढीगच अंगावर आलाय. 1957 चा अंदाज 35 लाख पौंड, शेवटी खर्च 10 कोटी 20 लाख डॉलर म्हणजे 29 पट, 1963 च्या जानेवारीत व्हायचं ते 1973 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं. मी अकरा कारणं काढून प्रत्येकावर चार-चार ओळी लिहिल्या. सरांनी वर लाल पेनने एवढंच लिहून परत दिलं: "यादी झाली, विश्लेषण कुठंय?" आता काय करू?

पक्या_७७
एवढं काय त्यात. आर्किटेक्ट उट्झन 1966 मध्ये भांडून सोडून गेला, मग नवीन लोकांनी आतलं सगळं बदललं, तिथेच पैसा गेला. एकच कारण लिही, मोकळी हो.

कॉलमबीम
सई, आधी तो 29 चा आकडा खोड. ऑस्ट्रेलियाने 1966 मध्ये पौंड सोडून डॉलर आणला, एका पौंडाचे दोन डॉलर. म्हणजे 35 लाख पौंड हे 70 लाख डॉलर झाले आणि खर्च साधारण साडेचौदा पट होतो. त्यातही सोळा वर्षांची महागाई आहे, ती वेगळी काढता आली नाही तर निदान आहे असं तरी लिही.

आता कारणांचं. अकरा कारणं शेजारी-शेजारी ठेवू नकोस, एकातून दुसरं कसं निघालं ते दाखव. काम 1959 च्या मार्चमध्ये सुरू झालं, आणि त्या शिंपल्यांसारख्या छताचा आकार बांधायचा कसा हे 1961 मध्ये ठरलं, सगळे तुकडे एकाच गोलाचे कापायचे म्हणून. मधल्या काळात खालच्या चौथऱ्याचे कॉलम उभे राहत होते, कशाचं वजन पेलायचंय ते नक्की नसताना. छत ठरलं तेव्हा ते कॉलम कमी पडले, ते पुन्हा बांधावे लागले. या दोन तारखा आणि ते कॉलम हा तुझा पुरावा. वर्तमानपत्रात कोण कोणाला काय बोललं त्याला पुरावा म्हणू नकोस.

पक्या, तुझं अर्धं बरोबर आहे. 1966 च्या शेवटाकडे खर्च सव्वादोन कोटी डॉलरच्या थोडा वर होता, म्हणजे बराचसा पैसा उट्झन गेल्यावरच गेला. मोठा हॉल ऑपेरा आणि मैफल दोन्हींसाठी होता तो फक्त मैफलीचा केला आणि बसवलेली स्टेजची यंत्रं काढून टाकली, हे त्याच्या नंतरचंच. पण तो गेला तेव्हा मूळ मुदत उलटून तीन वर्षं झाली होती आणि खर्च मूळ अंदाजाच्या तिप्पट होऊन गेलेला. आणि आतलं काम तसंही शिल्लक होतं, तो राहिला असता तरी त्याला पैसे लागलेच असते ना. "नंतर झालं" आणि "त्यामुळे झालं" यात गल्लत नको.

निवांत
आमच्या घरावर दुसरा मजला चढवताना अगदी हेच, गवंडी म्हणाला पाया बघू नंतर, आणि मग कॉलमला जाकीट घालावं लागलं. त्याचा खर्च कोणी द्यायचा असतो, मालकाने की कंत्राटदाराने? माझं अजून भांडण चालूय.

कॉलमबीम
निवांत, वेगळा धागा काढा, करारात काय लिहिलंय ते बघावं लागेल.

सई_लिहितेय
पौंडाचं लक्षातच आलं नव्हतं, सरांनी तेच आधी पकडलं असतं 🙈 मग शिफारस सरळ "डिझाइन पूर्ण झाल्याशिवाय काम सुरू करू नये" अशी लिहू?

कॉलमबीम
लिहू शकतेस, पण तिथेच खरी अडचण आहे. तिथल्या राज्य सरकारचा प्रमुख, प्रीमियर काहिल, याने काम सुरू करायची घाई केली ती पैसा आणि लोकांचं मत फिरेल या भीतीने, आणि तो 1959 च्या ऑक्टोबरमध्ये वारला. थांबले असते तर इमारत कदाचित झालीच नसती. म्हणून शिफारस बारीक कर: पाया सुरू करा, पण ज्याच्यावर छताचं वजन येणार ते कॉलम छताचा हिशेब होईपर्यंत थांबवा. आणि पुढेच लिही की यात किती महिने गेले असते. शिफारशीची किंमत लिहिली नाही की ती हवेतच राहते.

पक्या_७७
पण मग घाई चूक होती की बरोबर? इमारत तर मिळाली ना शेवटी.

कॉलमबीम
मला स्वतःला चूक वाटते. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक उलट म्हणतील.

सई_लिहितेय
अकरा कारणांतली सात कापली, चार राहिली. त्यातलं "राजकीय दबाव" घाईच्या आधी ठेवायचं की तेही कापायचं, हे अजून कळत नाहीये.