चॅनल ४ चं उदाहरण घ्या
"सार्वजनिक आणि व्यावसायिक प्रसारणाची तुलना करताना निधी, स्वायत्तता, कार्यक्रम हे तीन मुद्दे कसे जोडायचे?"

निधीपासून सुरुवात करा, बाकीचे दोन त्यातूनच निघतात. ब्रिटनची सार्वजनिक बीबीसी मुख्यतः टीव्ही पाहणाऱ्या घरांनी दरवर्षी भरायच्या परवाना शुल्कावर चालते, म्हणून तिच्यावर जाहिरातदाराचा दबाव नाही. पण शुल्क किती, हे सरकार ठरवतं. २०२२ मध्ये ते दोन वर्षांसाठी १५९ पौंडांवर गोठवलं गेलं. स्वायत्ततेची ही मर्यादा लिहाच.

मात्र 'जाहिराती म्हणजे व्यावसायिक' असं समीकरण मांडू नका. ब्रिटनमध्येच १९८२ मध्ये सुरू झालेलं चॅनल ४ जाहिरातींवरच चालतं, पण मालकी सार्वजनिक आहे, शिल्लक पैसा पुन्हा कामातच घातला जातो आणि वेगळे, नवे कार्यक्रम देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. आयटीव्ही या ब्रिटनच्या व्यावसायिक वाहिनीचा नफा भागधारकांना जातो, तरी बातम्यांची अट तिच्या परवान्यातही आहे.