शब्दचर्चा: एंगेजमेंट रेट — दर, प्रमाण की उतारा?

मनवा
साताऱ्याकडच्या एका बचत गटासाठी छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. गट कांदा-लसूण मसाला विकतो, इन्स्टाग्रामवर खातं आहे, ४,२०० फॉलोअर. 'एंगेजमेंट रेट'ला, म्हणजे पोस्टवर शंभरामागे किती लाइक-कमेंट येतात त्या आकड्याला, मी 'प्रतिसाद दर' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'सहभाग दर' केलं. मग मसुदा गटात वाचला, तर एक मावशी म्हणाल्या, "प्रतिसाद दर ३.५ म्हणजे एका लाइकला साडेतीन रुपये पडतात का गं?" बाकीच्याही माना डोलावत होत्या. तर शब्द काय घ्यावा? दुसरं, पुस्तिकेत सांगायचंय की तुलना आपल्याएवढ्या खात्यांशी करा, नावाजलेल्यांशी नको. 'समआकारी खाती' लिहिलंय, पण वाचताना भूमिती आठवते.

गजरा
एंगेजमेंट म्हटल्यावर मी साखरपुड्याचंच समजून धागा उघडला 😄 भाचीचा परवाच झाला. असो. 'गुंतवणूक' का नको? लोक पोस्टमध्ये गुंततात ना.

मनवा
गुंतवणूक लिहिलं तर मावशी पैसे परत कधी मिळणार विचारतील.

अण्णा
मुळात 'दर' हा शब्दच घालवा. फारसी आहे. दर शेकडा, दरसाल, दरमहा, सगळं दरबारी ओझं. 'प्रमाण' हा स्वच्छ शब्द असताना कशाला? 'प्रतिसाद-प्रमाण'.

उंडगा
अण्णा, तुम्ही ज्याला ओझं म्हणता त्यातच उत्तर आहे. 'दर' म्हणजे 'प्रत्येकी'. दरडोई, दरहेक्टरी. फारसीत आजही टक्क्याला 'दरसद' म्हणतात, शंभरात. शब्द स्वतःच विचारतो, दर कशाला? 'प्रमाण' ते विचारत नाही. आणि 'ओझं घालवा' म्हणताना 'दरबारी' वापरलंत, तोही फारसीच.

अण्णा
वादासाठी वापरला. आणि भावाच्या अर्थाचा 'दर' संस्कृत 'दृ' धातूवरून आला असावा, हे माझं मत आहे.

उंडगा
'दृ' म्हणजे फाडणे. भाजी मंडईतल्या दरांना लागू पडतं खरं.

पोस्टवाली
मी हेच काम करते, दुकानांची आणि गटांची खाती सांभाळते. उंडगा यांनी नेमकं बोट ठेवलंय. 'दर कशाला' हे न लिहिल्यामुळेच या आकड्यात सगळा गोंधळ होतो. मनवाताई, पुस्तिकेतला ३.५ कसा काढलाय? आणि गटाला आधी कुणी दुसरा आकडा सांगितलाय का?

मनवा
सांगितलाय ना. जाहिरातीचं काम करणाऱ्या एकांनी अहवाल दिला होता, 'तुमचा रेट १० टक्के, अमुक प्रसिद्ध पाककृतीवाल्यांचा ०.८ टक्के, म्हणजे तुम्ही साडेबारा पट पुढे.' गटात पेढे वाटले. ३.५ मी काढला. शेवटच्या दहा पोस्टवरच्या लाइक आणि कमेंटची बेरीज १,५००, म्हणजे सरासरी १५०, भागिले ४,२००, साधारण साडेतीन टक्के.

पोस्टवाली
दहाही पोस्टचे आकडे वेगवेगळे द्याल का? आणि १० टक्के कुठून आले तेही बघा.

मनवा
९६, ८८, ११०, ७४, ६४०, १०२, ९१, ८४, १२०, ९५. तो ६४० म्हणजे 'कमेंट करा, मसाल्याचं पाकीट जिंका' वाली पोस्ट. १० टक्के त्यांनी फक्त शेवटच्या पोस्टचे काढलेत. ती १,३१० खात्यांपर्यंत पोहोचली होती. ९५ लाइक-कमेंट, शिवाय ३६ सेव्ह आणि शेअर, मिळून १३१.

पोस्टवाली
बघा, आकडा कुणीच खोटा सांगितला नाही, पण दोघांनी वेगळं मोजलं. त्यांनी भागलं पोहोचलेल्या खात्यांनी, म्हणून १३१ भागिले १,३१० बरोबर १० टक्के. प्रसिद्ध बाईंचे मात्र फॉलोअरने भागले, कारण दुसऱ्याच्या खात्याची पोहोच आपल्याला दिसतच नाही. ती फक्त खातेदाराला दिसते. सेव्हचंही तसंच, म्हणजे बाईंच्या बाजूला वरचा आकडाही कमी धरला गेला. एक माप किलोचं, दुसरं शेराचं, आणि वर 'साडेबारा पट'.

दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पोस्ट ज्यांना दिसली त्यांना ती भावली का, हे बघायला पोहोचीने भागा, आपलीच या महिन्याची पोस्ट मागच्या महिन्याच्या पोस्टशी ताडायला. दुसऱ्याशी तुलना करायची तर दोघांचं जे उघड दिसतं तेवढंच घ्या: लाइक अधिक कमेंट, भागिले फॉलोअर.

आता तुमचा ३.५. त्यात बक्षिसाच्या पोस्टने घोळ केलाय. ती धरून सरासरी १५०, पण बाकीच्या नऊपैकी एकही पोस्ट १२० च्या वर गेलेली नाही. आकडे चढत्या क्रमाने मांडा: ७४, ८४, ८८, ९१, ९५, ९६, १०२, ११०, १२०, ६४०. मधले दोन ९५ आणि ९६, म्हणजे मध्य ९५.५. भागिले ४,२००, साधारण २.३ टक्के. गटाची रोजची स्थिती ती आहे.

मनवा
१० चे साडेतीन, साडेतीनचे २.३. पेढे परत मागवावे लागणार.

गजरा
माझ्या भाचीच्या खात्याला १२ टक्के आहेत! तीनशे फॉलोअर आहेत पण एकेका फोटोला पस्तीस-चाळीस लाइक. ती मेंदी काढते. म्हणजे ती गटापेक्षा पाचपट भारी झाली ना?

पोस्टवाली
गजराताई, तीनशेत मावश्या, आत्या, कॉलेजच्या मैत्रिणी धरल्या तर कोण उरलं? लहान खात्याचा आकडा मोठा असणारच, घरचं माणूस लाइक केल्याशिवाय पुढे जात नाही. खातं मोठं होत जातं तसे एकदा फॉलो करून विसरलेले, ॲप उघडणं सोडलेले लोक खाली भागायला साचत जातात, वर मात्र भर पडत नाही. म्हणून तीस लाख फॉलोअरवाल्या त्या प्रसिद्ध बाईंचे ०.८ वाईट नाहीत, आणि भाचीचे १२ गटाच्या २.३ वर भारी नाहीत. मेंदीच्या तीनशेवाल्या दहा खात्यांशी तिला ताडून बघा.

साखरवाला
निवृत्त आहे, साखर कारखान्यात केमिस्ट होतो. हे सगळं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे यासाठी पिढ्यान्पिढ्या शब्द आहे: उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली तो साखर उतारा. कोल्हापूरकडचा कारखाना बाराच्या आसपास उतारा सांगतो, मराठवाड्यातला त्याहून कमी. म्हणून मराठवाड्यातला केमिस्ट नालायक ठरत नाही. ऊस वेगळा, पाणी वेगळं, हवा वेगळी. आम्ही शेजारच्या, तेवढ्याच गाळपाच्या कारखान्याशी ताडायचो.

आणि पोस्टवालीताई म्हणतात तो घोळ आमच्याकडेही. बी-हेवी मळी, म्हणजे जिच्यात अजून साखर शिल्लक असते ती, इथेनॉलकडे वळवली की साखर कमी निघते, उतारा खाली दिसतो. एक कारखाना ती साखर मिळवून सांगतो, दुसरा न मिळवता. दोन आकडे शेजारी ठेवून भांडणारे लोक मी पाहिलेत. मावशींना 'प्रतिसादाचा उतारा' सांगा. शेतकऱ्याच्या घरात 'एकरी उतारा' न कळणारं कुणी नसतं.

उंडगा
व्वा. साखरपुड्यावरून साखर उताऱ्यावर आलो.

अण्णा
उतारा हा शब्द आधीच चार कामं करतो. सातबारा उतारा, परीक्षेतला उतारा, विषावरचा उतारा आणि तिठ्यावर ठेवतात तो लिंबू-भाताचा उतारा. 'तुमच्या खात्याचा उतारा कमी आहे' म्हटल्यावर बाई लिंबू आणायला जातील.

साखरवाला
अण्णा, तुमच्याकडे 'प्रमाण' तीन कामं करतो. प्रमाणपत्र, प्रमाणभाषा, 'देवाला प्रमाण मानून'. शब्दाला कामं असतात म्हणून तो टिकतो.

मनवा
काका, तुमचा शब्द मला आवडलाय. पण पुण्यातले संपादक मान्य करतील का माहीत नाही. पोस्टवालीताई, 'आपल्याएवढी खाती' कशी निवडायची? पुस्तिकेत नुसतं 'समान' लिहिलंय.

पोस्टवाली
मी निम्म्यापासून दुप्पट धरते. ४,२०० ला साधारण २,००० ते ८,५००. विषय तोच, म्हणजे घरगुती मसाले-लोणची, भाषा मराठी, आणि पोस्टचा प्रकारही तोच. रील फॉलो न करणाऱ्यांपर्यंतही जाते, त्यामुळे फॉलोअरने भागल्यावर एखाद्या रीलचा आकडा शंभर टक्क्यांच्या पुढेसुद्धा जातो. फोटो फोटोशी, रील रीलशी.

आठ-दहा खाती घ्या. प्रत्येकाच्या शेवटच्या बारा पोस्ट, पण गेल्या आठवड्यातल्या सोडून, त्यांच्यावर लाइक अजून येत असतात. ज्यांनी लाइकचा आकडा लपवलाय (२०२१ पासून तशी सोय आहे) ती खाती गाळा. प्रत्येकाचा मध्य काढा. समजा आले १.६, १.९, २.१, २.४, २.८, ३.१, ६.५. तर २.३ हा रांगेच्या मधोमध बसतो. २.४ वाल्याच्या मागे पडलो म्हणून रडू नका, दहा-बारा पोस्टमध्ये एवढा फरक एका सणाने पडतो.

६.५ वाल्याच्या मात्र कमेंटी उघडून वाचा. प्रत्येक पोस्टवर पहिल्या पाच मिनिटांत तेच दहा जण 'मस्त ताई', 'सुपर' लिहीत असतील, तर ती आपापसातली भिशी आहे, एकमेकींना लाइक देण्याची. उलट १.६ वाल्याने फॉलोअर विकत घेतलेले असू शकतात. खाली भागायला खोटी माणसं, मग आकडा पडणारच.

गजरा
भाचीने अशीच भिशी लावलीये वाटतं. विचारते.

उंडगा
'समआकारी'ऐवजी 'तोलामोलाची खाती' लिहा मनवा. सोयरीक करताना आपण तेच म्हणतो.

अण्णा
तोलामोलात पैसा-प्रतिष्ठा येते, संख्या नाही. 'तुल्यसंख्य'.

उंडगा
तुल्यसंख्य! मावशींना आता लाइक साडेतीन रुपयांना पडलं तरी चालेल, पण तुल्यसंख्य नको.

पोस्टवाली
मला एक अडतंय. उतारा म्हटलं तर कशाचा, हे पुन्हा सांगावंच लागणार. ऊस एकच असतो, इथे खाली कधी फॉलोअर, कधी पोहोच.

साखरवाला
आमच्याकडेही ऊसच धरायचा की रस, यावर नवीन पोरं चुकायची. तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवलं होतं.

मनवा
मग 'शंभर फॉलोअरमागे किती जणांनी दाद दिली' असं सरळ लिहू का? शब्दच नको.

अण्णा
जणांनी नव्हे. एकच बाई लाइकही करते आणि कमेंटही. माणसं मोजत नाही आहात तुम्ही, दाद मोजताय.

पोस्टवाली
अण्णा, हे मात्र शंभर टक्के खरं.

मनवा
'शंभरामागे किती दाद'. 'किती दाद' बरोबर आहे का पण? दाद मोजता येते?

उंडगा
'दाद'ही फारसी. अण्णांना विचारा.

अण्णा
तो वेगळा. न्याय मागतो तो दाद. त्यावर स्वतंत्र धागा काढतो.

गजरा
कुणीतरी सांगा ना, सातबाऱ्याचा उतारा आणि उसाचा उतारा मुळात एकच शब्द का? एक कागदावर उतरवून घेतलेला, दुसरा कढईत उतरलेला, असं आमचे आजोबा सांगायचे.

साखरवाला
कढई गुऱ्हाळात. कारखान्यात पॅन असतो, ताई.