'एज्ड चीज'ला काय म्हणावं? जुनं, शिळं, की मुरलेलं?

वर्णमाला: ट्रॅनिलसिप्रोमिन या नैराश्यावरच्या गोळीचं रुग्णपत्रक मराठीत करते आहे. 'एज्ड चीज आणि फर्मेंटेड सोया टाळा' या ओळीवर अडले. आधीच्या मसुद्यात 'शिळे चीज व आंबवलेले सोयाबीन' आहे. मला ते खटकतं. तुम्ही काय लिहाल?

शुद्धमती: 'परिपक्व चीज' आणि 'किण्वित सोया'. किण्वन हा शब्द शाळेच्या विज्ञानात शिकवतात, मग लाजायचं कशाला?

गोळीवाला: 'शिळे' तर आजच काढा. शिळं म्हणजे कालचं, खराब झालेलं. ते वाचून माणूस दुकानातून नवंकोरं चेडर आणेल आणि ताजं आहे म्हणून खाईल. इथे धोका चीज बिघडल्याचा नाही, ते महिनोन्महिने ठेवून तयार केल्याचा आहे. त्या काळात जिवाणू दुधातल्या प्रथिनांमधल्या टायरोसिनपासून टायरामिन बनवतात. त्याला वास नाही, चवीवरून कळत नाही, शिजवूनही जात नाही.

पावशेर: नावातच चीज आहे ना? ग्रीकमध्ये 'टायरोस' म्हणजे चीज. म्हणजे टायरामिन फक्त चीजमध्येच असणार.

गोळीवाला: व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष चुकीचा. लीबिगनं 1846 मध्ये चीजमधल्या केसिनपासून टायरोसिन वेगळं केलं, म्हणून ते नाव. पण प्रथिनं आणि योग्य जिवाणू जिथे एकत्र मुरतात तिथे टायरामिन होऊ शकतं. सोया सॉस, मिसो, सुकवून मुरवलेलं सॉसेज, सगळीकडे.

रेवती_ठाणे: मला सर्ट्रालीन चालू आहे. म्हणजे पिझ्झा बंद करायचा का?

गोळीवाला: नाही. सर्ट्रालीन त्या गटातली गोळी नाही, तिला हे पथ्य लागत नाही. वर्णमाला, म्हणूनच 'नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी' असं मोघम लिहू नका, औषधाचं नाव लिहा. आतड्यात आणि यकृतात मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर खाण्यातलं टायरामिन मोडून टाकतं. ट्रॅनिलसिप्रोमिन किंवा फेनेल्झिन तेच विकर बंद पाडतात. मग टायरामिन थेट रक्तात जातं आणि मज्जातंतूंच्या टोकांना साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर ढकलतं. रक्तदाब एकदम चढतो. जेवणानंतर साधारण दोन तासांच्या आत डोक्याच्या मागे ठणका, मान आखडणं, धडधड, घाम. मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. पत्रकात 'असं झालं तर लगेच इस्पितळात जा' हे ठळक छापा.

पावशेर: पण हे कळलं कसं? चीज तर लोक रोज खातात.

गोळीवाला: नॉटिंगहॅमच्या एका फार्मासिस्टनं पत्रात कळवलं, की या गटातली गोळी घेणाऱ्या बायकोचं डोकं चीज खाल्लं की भयंकर दुखतं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या बॅरी ब्लॅकवेलनी त्याचा पाठपुरावा करून 1963 मध्ये ते छापलं.

वर्णमाला: सोयाचं काय? 'आंबवलेले' ठेवू?

गोळीवाला: सुटं ठेवू नका. त्यानं वाचणारा इडली-ढोकळा सोडेल आणि सोया सॉस मात्र बाटलीतला मसाला समजून नूडल्सवर ओतेल. उलट सोयाबीनच्या वड्या आंबवलेल्या नसतात, त्या विनाकारण सुटतील. म्हणून पदार्थांची नावंच द्या. या गोळ्यांवर असताना साधारण 6 ते 10 मिलिग्रॅम टायरामिन त्रास सुरू करायला पुरतं. काही सोया सॉसमध्ये ते नाममात्र असतं, तर काहींत लिटरमागे 900 मिलिग्रॅमच्या वर सापडलं आहे. त्या हिशेबानं 15 मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात 13 मिलिग्रॅमच्या पुढे जाईल. लेबलवर हा आकडा नसतो, म्हणून 'थोडा चालेल' असं लिहिता येत नाही.

शुद्धमती: मग 'किण्वित' अधिक नेमका ठरतो.

गोळीवाला: नेमका आहे, पण गोळी घेणाऱ्याला तो कळला पाहिजे. माझं मत 'मुरवलेले' या बाजूला. लोणचं मुरतं तसं चीज मुरतं, वेळ लागतो हे त्या शब्दातच आहे. खाली 'ताजे पनीर, ताजे दही चालते' ही ओळ हवीच.

रेवती_ठाणे: 'मुरवलेले' वाचून मी कैरीचं लोणचं सोडीन. ते सोडायचं का?

शुद्धमती: हाच तर माझा मुद्दा!

पावशेर: आणि मुरांबा? मुरलेला आंबा तो मुरांबा.

शुद्धमती: तो 'मुरब्बा'वरून, मूळ अरबी. आवळ्याच्या मुरांब्यात आंबा कुठे असतो?

पावशेर: पण आंबा नसला तरी तो मुरतोच की!

वर्णमाला: सध्या 'अनेक महिने मुरवलेले चीज (उदा. चेडर, पार्मेझान)' आणि 'सोया सॉस, मिसो' असं लिहिते. लोणच्याचं डॉक्टरांना विचारायला सांगते. आता पुढची ओळ: 'औषध बंद केल्यावर पथ्य संपते' हे बरोबर आहे ना?

गोळीवाला: नाही, नाही. विकर कायमचं निकामी झालेलं असतं, शरीराला नवं तयार करावं लागतं. 'शेवटच्या गोळीनंतर आणखी दोन आठवडे' असं लिहा.

शुद्धमती: 'पंधरवडा' लिहा.

गोळीवाला: 14 दिवस लिहा. आकड्यातच.