दिवाळी पाडव्याला थोरल्या भावंडाने बोलायचे दोन शब्द : तुमच्या घरचे अनुभव सांगा

धागाकर्ता
आमच्या घरी पाडव्याला सगळे काका, आत्या, चुलत आणि आते भावंडं गावच्या घरी जमतात. जेवणाआधी आजोबा चार वाक्यं बोलायचे. ते गेल्यावर ती प्रथा थांबली. यंदा धाकटे काका म्हणाले, "आता तू बोल, भावंडांत तू थोरला." खरं तर आतेताई माझ्याहून मोठी आहे, पण पाडव्याला ती सासरी असते. तुमच्याकडे कोण बोलतं, कधी बोलतं आणि काय बोलतं? जे जमलं नाही तेही लिहा.

कृष्णाकाठची थोरली
आमच्याकडे मीच बोलते. लग्न केलेलं नाही, त्यामुळे सण माहेरीच असतो. आजवर पाहिलंय ते असं, की शब्दांपेक्षा वेळेवर जास्त अवलंबून असतं. औक्षण सुरू असताना बोललात तर कुणी ऐकत नाही. काकू काकांना ओवाळत असतात, मुली वडिलांना, कुणी पाकीट शोधतंय, कुणी फोटोसाठी परत तबक धरायला लावतंय. पानं वाढल्यावर बोललात तर पुऱ्या निवतात आणि लहान मुलं ताटाकडे बघत बसतात. शेवटचं औक्षण होऊन तबक देवापुढे गेलं, की पाट मांडायच्या आधीची पाच मिनिटं आपली. सगळे उभेच असतात, हातात मसाला दुधाचे पेले असतात.

आणि आधी स्वयंपाकघरात डोकावा. आमच्याकडे पुऱ्यांची कढई बोलणं झाल्यावरच चढते. जिने पहाटेपासून राबून सगळं केलं तिला आत ठेवून तिचे आभार मानायचे, हे मला बघवत नाही.

मागच्या पाडव्याला मी बोलले ते जवळजवळ जसंच्या तसं देते:

"आजी, काका, काकू, आत्या आणि माझी सगळी भावंडं. या वर्षी आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आम्ही लांब होतो. धाकटी काकू रोज रात्री आजीच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपली. काकू, फोनवर तू 'सगळं ठीक आहे' म्हणायचीस म्हणून आम्हाला तिकडे झोप लागायची. आमचे नवे जावई पहिल्या दिवाळसणाला आलेत. भावजी, या घरात पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं, तेव्हा संकोच करू नका. आजोबा असते तर एव्हाना त्यांनी आपल्याला पानावर बसवलं असतं, म्हणून मी थांबते. त्यांचं वाक्य तेवढं सगळे मिळून म्हणू या : इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो."

एवढंच. शेवटचं वाक्य सगळ्यांनी म्हटल्यामुळे पेले आपोआप वर गेले आणि आजी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली.

सदाशिव पेठ
छान लिहिलंय. पण पाडवा म्हणजे आपल्या वर्षाचा पहिला दिवस, तेव्हा सुरुवात नववर्षाच्या शुभेच्छांनीच व्हायला हवी. आमचे वडील तसंच करत.

दप्तरदार
@सदाशिव पेठ, अर्धं बरोबर आहे. कार्तिक प्रतिपदेला विक्रम संवत बदलतं, गुजराती मंडळींचं नवं वर्ष तेच, आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वह्याही तेव्हाच सुरू होतात. पण आपल्या पंचांगातलं शक चैत्रात, गुढीपाडव्याला बदलतं. तुमच्या वडिलांचं दुकान असेल तर त्यांचं बोलणं अगदी योग्य होतं. नोकरदारांच्या घरात मात्र "नवीन वर्षाच्या शुभेच्छा" म्हटलं की मुलं गोंधळतात.

सदाशिव पेठ
हो, आमचं कापडाचं दुकान होतं! वहीपूजन करूनच ते जेवायला घरी येत.

नवी सून
माझा पहिलाच पाडवा आहे. ह्यांना ओवाळल्यावर मीही काही भेट द्यायची का, की फक्त त्यांनीच द्यायची? सासूबाईंना विचारायला अवघड वाटतं.

धागाकर्ता
ओवाळणी ते घालतील. तुम्ही काही दिलंत तर कुणी नाही म्हणणार नाही. सासूबाईंना जरूर विचारा, त्यांना बरंच वाटेल.

वऱ्हाडी
नावं घेण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. थोरल्या ताईंनी एकट्या काकूचं नाव घेतलं ते शोभलं, कारण वर्षभरात तसं मोठं काम झालं होतं. आमच्याकडे दादाने एकदा तिघांची नावं घेतली आणि चौथ्या काकू दिवाळी संपेपर्यंत अबोल होत्या. त्यानंतर दादा सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने घेतो. लांबतं, पण कुणी दुखावत नाही.

कृष्णाकाठची थोरली
@वऱ्हाडी, हजेरी घेतल्यासारखं झालं की शेवटच्या नावापर्यंत लक्ष कुणाचं राहतं? मी दरवर्षी एकाच माणसाचं एकच काम सांगते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या घराकडे वळते. घरात हे सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे राग येत नाही. पण ज्यांची बातमी अजून त्यांनी स्वतः सांगितलेली नाही, ती आपण सांगायची नाही. दिवस गेलेत, नोकरी बदलतेय, घर घेतलंय, काहीही असो. मुलांचे मार्कही नकोत. एकाचं कौतुक झालं की दुसऱ्याची आई लगेच खाली बघते.

मिरजकर
मला वेगळंच सांगायचंय. थोरले काका गेले त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, नातेवाईकांनी फराळाचे डबे आणून दिले. पुढच्या पाडव्याला बोलायची वेळ चुलतभावावर आली. त्याने आदल्या रात्री काकूंना विचारलं, "बाबांचं नाव घेऊ ना?" काकू म्हणाल्या, "घे. पण उणीव, पोकळी असलं काही बोलू नकोस. त्यांची एखादी सवय सांग." मग तो एवढंच म्हणाला, की बाबा चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचे आणि आई दरवर्षी मूठभर जास्त घालायची, यंदाही घातलेत. काकू हसल्या. न विचारता बोलला असता तर त्या उठून आत गेल्या असत्या, असं मला वाटतं.

न्यू जर्सीहून
आम्ही इथून फोनवर सामील होतो. ऑक्टोबरात भारत आमच्या साडेनऊ तास पुढे असतो, म्हणजे तुमचं दुपारचं पान आमच्या मध्यरात्रीनंतर. म्हणून नागपूरच्या दादाने बोलणं संध्याकाळी सातला नेलं, तेव्हा इथे सकाळचे साडेनऊ. 2022 साली पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला आले होते, त्यामुळे बहिणीही तिकडेच होत्या आणि घर भरलेलं होतं. फक्त "बळीचं राज्य येवो" एकत्र म्हणताना आमचा आवाज उशिरा पोचतो आणि सगळा विचका होतो. आता आम्ही आधी म्हणतो, मग ते म्हणतात.

धागाकर्ता
हे सगळं उपयोगी पडेल. बोलणं एका मिनिटाचं ठेवतो. आत्याने यंदा विकायला निघालेली विहिरीकाठची जमीन सोडवली, तेवढं एकच सांगायचं ठरवलंय. ताईचा प्रश्न मात्र राहतोच.

सासरची थोरली
मी तुमच्या ताईसारखीच. भाऊ पाडव्याच्या आदल्या दिवशी फोन करून बोलणं वाचून दाखवतो, मी एक वाक्य बदलते, आणि तो म्हणतो, "हे ताईचं." मला तेवढं पुरतं. शिवाय जमीन सोडवणाऱ्या आत्या म्हणजे ताईची आईच ना? मग ते वाक्य तिच्याकडूनच घ्या.

वऱ्हाडी
मला नाही पटत. थोरली ती, तर बोलणंही तिचं. भाऊबीजेला ती येईल तेव्हा ठेवा.

कृष्णाकाठची थोरली
भाऊबीजेला आत्या तिथे असतील का, ते आधी बघा. बहुतेक घरांत पाडव्याची अर्धी माणसं दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत असतात.