विषय: रविवारच्या शाळेसाठी मंडईची गोष्ट, वाचून सुचवा

नमस्कार मंडळी,
आठ ते दहा वर्षांच्या गटासाठी गोष्ट खाली देते आहे. शुक्रवारी छापायची आहे.

आजी आणि सई सकाळी मंडईत गेल्या.
"मेथी कशी दिली?" आजीने विचारलं.
"वीस रुपये जुडी," भाजीवाल्या मावशी म्हणाल्या.
"पानं कोमेजली आहेत. दोन जुड्या पस्तीसला द्या."
"घ्या. भवानीची वेळ आहे."
"मावशी, वांगी कशी दिली?" सईने विचारलं.
"साठ रुपये किलो."
"अर्धा किलो द्या." आजी एकेक वांगं फिरवून बघत होती. एका वांग्याला भोक होतं. ते तिने बाजूला ठेवलं.
"ते का नको, आजी?"
"आत कीड असेल."
"मिरच्या कशा दिल्या?"
"दहा रुपयांना वाटा."
आजीने शंभरची नोट दिली. मावशींनी पंचवीस रुपये परत दिले. वर कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकल्या.

नवे शब्द: जुडी, वांगी, वाटा, कीड, कोमेजणं, भवानी.
प्रश्न: आजी कुठे गेली? तिने काय घेतलं? किती पैसे परत मिळाले?

अनघा

---

अनघाताई, गोष्ट आवडली. शब्दांपुढे लिंग लिहा, नाहीतर मुलं अंदाजपंचे बोलतात. वांगी स्त्रीलिंगी, म्हणूनच "कशी दिली". मग मध्येच "एक वांगं" का आलं? "एक वांगी" करा. आणि रक्कम आकड्यांत लिहा, 35, 25. अक्षरी वाचताना मुलं अडकतात.
विनय

---

विनय, "कशी" बरोबर आहे, पण कारण ते नाही. एक वांगं, दोन वांगी. म्हणजे नपुंसकलिंग, आणि त्याचं अनेकवचन दिसायला मेथीसारखंच: मेथी कशी दिली, वांगी कशी दिली. मुलं फसतात ती इथेच, आणि मग "ही वांगी छान आहे" म्हणतात. ती अनेक आहेत, तेव्हा "आहेत" हवं.

यादीत तो-ती-ते लिहून हा गुंता सुटत नाही, कारण "ते वांगं" अनेकवचनात "ती वांगी"च होतं. त्यापेक्षा प्रत्येक नाम एक-दोन लावून द्या: एक जुडी, दोन जुड्या. एक वांगं, दोन वांगी. एक वाटा, दोन वाटे. एक मिरची, दोन मिरच्या. लिंग आपोआप कानावर पडतं. मेथी मात्र मोजत नाहीत, मोजतात ती जुडी, म्हणून मेथीला दोन लावू नका.

वाटा आणि भवानी यांचा अर्थ यादीतच सांगा. वाटा म्हणजे न तोलता लावलेला छोटा ढीग. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. मावशी पाच रुपये का सोडतात, ते त्याशिवाय कळणार नाही.

प्रश्नांबद्दल: "आजी कुठे गेली?" याचं उत्तर पहिल्या ओळीतून उतरवता येतं, अर्थ कळला नाही तरी. त्याऐवजी हे घ्या:
आजीने भाव कमी करून का मागितला?
मावशींनी तो लगेच का मान्य केला?
एकूण किती रुपये झाले? कसे, ते बोलून दाखवा.
सईला बटाटे आणि काकड्या हव्या आहेत. ती भाव कसा विचारेल?

तिसऱ्याचं उत्तर पस्तीस, तीस आणि दहा मिळून पंच्याहत्तर. वांग्यांचे तीस गोष्टीत लिहिलेले नाहीत, ते मुलांनी काढायचे. चौथ्याचं "बटाटे कसे दिले, काकड्या कशा दिल्या". सगळीकडे "कशी" आलं, तर मूल वाक्य पाठ करतंय असं समजा.

आकडे अक्षरीच ठेवा. 35 दिसलं की मुलं थर्टी फाइव्ह वाचतात.
सुमती

---

आमच्या घरी सगळे नागपूरकडचे. आम्ही वांगे म्हणतो आणि कोथिंबिरीला सांबार. माझी मुलगी वर्गात सांबार म्हणाली तर सगळे इडली शोधतील! दोन्ही शब्द यादीत येतील का?
संजय

---

संजय, कोथिंबिरीपुढे सांबार नक्की घालते. वांगं की वांगे, याचा निर्णय व्हायचा आहे. पुस्तकांत "वांगे" छापलेलं असतं आणि गोष्टीतली माणसं "वांगं" बोलतात. दोन्ही दिली तर मुलं वांगे हे अनेकवचन समजतील, बटाटेसारखं. सुमतीताई, काय करू?
अनघा

---

ताजी मेथी इथे हिवाळ्यात कोणत्या दुकानात मिळते, कोणी सांगेल का? फ्रोझन नको.
मीनल

---

अनघा, संवादात आणि यादीत वांगंच ठेव. वांगे शिक्षकांच्या प्रतीत लिही. कोणी घरचा उच्चार केला तर चूक धरू नका, फक्त "दोन असतील तर?" एवढं विचारा. "वांगी" आलं की पुढे चला.
सुमती

---

मान्य. पण अक्षरी आकड्यांचं मला अजून पटलेलं नाही. निदान शेवटच्या बेरजेला तरी आकडे द्या.
विनय