फोटोतले ‘लाल डोळे’: बुबुळ लाल की बाहुली?

दारव्ह्याची लेक
पोळ्याच्या संध्याकाळी बैल तोरणाखालून घरी आले. आई ताट घेऊन ओवाळत होती, बाबांनी कासरा धरला होता. अंधार पडत आला होता म्हणून मी मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढला. आता बाबांच्या दोन्ही डोळ्यांत लाल ठिपके आहेत आणि बैलाचे डोळे हिरवट पांढरे पेटल्यासारखे दिसतात. पुण्याच्या भावाला कळवलं, ‘बाबांचे डोळे लाल आलेत, नीट करून दे’, तर तो म्हणाला, आधी डॉक्टरला दाखव. मग लिहायचं तरी काय? ‘बुबुळं लाल’ चालेल का? आणि बैलाच्या डोळ्यांसाठी वेगळा शब्द आहे का?

शेवंतामावशी
बाई, पोळ्याच्या गर्दीत धुळीनं डोळे येतातच. एकाचे आले की घरभर येतात. बाबांचा टॉवेल वेगळा ठेव.

निवृत्त मास्तर
मावशी, डोळे आलेले नाहीत, फोटोत तसे दिसतात. डोळे येतात तेव्हा पांढरा भाग लाल होतो. इथे लाल झाली आहे ती बाहुली. बुबुळ म्हणजे रंगीत कडं, आणि त्याच्या मधलं काळं छिद्र ती बाहुली. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही हेच दोन शब्द आहेत. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच बुबुळ म्हणून टाकतो. समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलीच चिमुकली आकृती दिसते, तिच्यावरून बाहुली. संस्कृतातल्या कनीनिकेचा अर्थही लहान मुलगी असाच.

अकोट रोड
लाल म्हणजे आतलं रक्त दिसते, येवढं मले माहीत हाय. बैलात रक्त कमी असन म्हणून हिरवं दिसते.

निवृत्त मास्तर
पहिलं वाक्य बरोबर आहे, भाऊ. अंधारात बाहुली मोठी होते, फ्लॅश कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी चिकटून असतो, त्यामुळे उजेड सरळ आत जातो आणि मागच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन परत येतो. बैलाच्या रक्ताचा मात्र यात संबंध नाही. गाय, बैल, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. तोच उजेड परत फेकतो. माणसाला तो थर नाही.

स्टुडिओवाला
म्हणूनच दुरुस्तीही दोन तऱ्हेची. बाबांसाठी जिम्प या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी लंबगोल निवड घेऊन फक्त डोळा घेरा, मग `Filters > Enhance > Red Eye Removal`. निवड न करता चालवलं तर तो लाल रंग जिथे सापडेल तिथे मारतो. माझ्याकडे एका ओवाळणीच्या फोटोत आईच्या कपाळावरचं कुंकू काळपट झालं होतं, ताटातला गुलालही. `Threshold` हळूहळू सरकवा. बाहुलीच्या कडेला लाल कंगोरा उरला तर अजून थोडं, पापणीची कातडी राखाडी व्हायला लागली तर मागे.

बैलावर हे चालणार नाही, कारण तिथे काढायला लालच नाही. फोटोवर नवा लेयर घ्या, मऊ कडेचा ब्रश, रंग काळ्याच्या जवळचा तपकिरी. बैलाची बाहुली आडवी लांबट असते, गोल रंगवली की डोळा माणसाचा वाटतो. फ्लॅशचा बारीक पांढरा ठिपका मात्र ठेवा, दोघांच्याही डोळ्यात. तो पुसला की नजर मेल्यासारखी होते.

वरुडची आत्या
माझ्या दोन वर्षांच्या भाचीच्या फोटोत एकच डोळा पांढरट चमकतो, दुसरा लाल येतो. तोही काळा करून टाकू का?

स्टुडिओवाला
ताई, तो फोटो पुसू नका. आणखी कोणत्या फोटोंत तसंच येतं ते पाहा आणि सगळे फोटो जसेच्या तसे घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

निवृत्त मास्तर
लवकर जा, ताई. बाळ तिरपं पाहत असेल तर नुसत्या कोनामुळेही पांढरं येतं. पण लहान मुलांचा मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठसुद्धा अशीच दिसते. थेंब टाकून बाहुली मोठी करून आत पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

वरुडची आत्या
वहिनीला आत्ताच फोन केला. उद्या अमरावतीला नेतो.

दारव्ह्याची लेक
आत्या, डॉक्टर काय म्हणतात ते इथे कळवा.
बाबांचे डोळे झाले. दुसऱ्या डोळ्याला पहिल्यापेक्षा थोडं जास्त सरकवावं लागलं. भावाला आता ‘फोटोत बाहुली लाल आली’ असं लिहिलं तर त्याला लगेच कळलं.

अकोट रोड
आमच्याकडं ‘रेड आय’च म्हणतेत. बाहुली म्हटलं तं पोरीले खेळायची वाटन.

निवृत्त मास्तर
नुसती ‘बाहुली’ म्हटलं तर वाटेल, ‘डोळ्यातली बाहुली’ म्हणा. जनावरासाठी मला ‘लकाकणे’ बरं वाटतं, पण एकच ठरलेला शब्द मी ऐकलेला नाही.

दारव्ह्याची लेक
बाबाही तेच म्हणाले. बैलाचा डोळा रंगवून दाखवला तर त्यांनी जुनाच फोटो परत मागितला: ‘रात्री गोठ्यात बॅटरी मारली का त्याचे डोये असेच लकाकतेत. राहू दे.’