शब्दचर्चा: सिंक संपल्याच्या ‘हार्टबीट’ला मराठीत काय म्हणावं?

मेघना_लिहिते
सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका मराठीत लिहिते आहे. त्यात एका गोष्टीवर अडले. रोज रात्री २ वाजता एका सर्व्हरवरच्या फाइली दुसऱ्यावर सिंक होतात. सिंक नीट संपला की शेवटी एका ठरलेल्या पत्त्यावर पिंग जातो. त्या पत्त्यामागची सेवा दुसरं काहीच करत नाही, फक्त पिंगची वाट बघते. वेळेत पिंग आला नाही तर मेल पाठवते. याला सगळे हार्टबीट मॉनिटरिंग म्हणतात. ‘हृदयस्पंदन निरीक्षण’ लिहिलं तर ते दवाखान्यातलं यंत्र वाटतं. आणखी काय म्हणता येईल?

अनिकेत७
‘जिवंतपणाची चाचणी’ म्हणा की. आम्ही दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरला पिंग करतो, उत्तर आलं नाही की फोन वाजतो. तेच ना हे?

रात्रपाळी
नाही, इथे दिशा उलटी आहे आणि सगळी गंमत त्या उलटेपणातच आहे. तुमचा पिंग बाहेरून विचारतो, ‘आहेस का?’ सर्व्हर ‘आहे’ म्हणतो. पण क्रॉनटॅबमधली सिंकची ओळ कुणी साफसफाईत उडवली असेल, तरीही तो ‘आहे’च म्हणणार. एरर येईल म्हणावं, तर तीही येत नाही. एरर द्यायला काम आधी सुरू तर व्हायला हवं! म्हणून इथे काम स्वतः येऊन सांगतं की मी झालो, आणि सांगायला आलं नाही हीच तक्रार धरायची.

माझ्या मते पिंगला ‘हजेरी’ म्हणावं आणि पिंग चुकला की ‘खाडा’. रोजच्या कामावर न येण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, तो वापरू या. ‘रात्रीच्या सिंकचा खाडा पडला’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

शब्दांची_पाटी
खाडा फारच छान! हजेरीही पटली. मग सिंक सुरू होतानाच हजेरी लावली तरी चालेल, नाही का? आला म्हणजे कामाला लागला.

रात्रपाळी
तिथेच घात होतो. सुरू झालेला सिंक अर्ध्यावर डिस्क भरून पडू शकतो, आणि हजेरी तर लागून गेलेली असते. पिंग शेवटीच हवा, आणि तोही यशावर बांधलेला:

```
0 2 * * * rsync -a /srv/data/ backup:/data/ && curl -fsS -m 10 --retry 5 -o /dev/null https://watch.example.org/abc123
```

त्या `&&` मुळे rsync ने 0 परत दिला तरच curl चालतो. त्याच जागी `;` टाकलं तर सिंक पडला तरी पिंग जातो, आणि पिंगची वाट बघणारा पहारेकरी महिनोन्‌महिने हिरवा दिवा दाखवत राहतो.

सुलभा_प्रशासन
आमच्याकडे `&&` असूनही हेच झालं. लॉग ठेवायचा म्हणून कुणीतरी मधे `| tee sync.log` घातलं होतं. सिंक रोज पडत होता आणि पिंग रोज जात होता. शेवटी एक जुनी फाइल परत हवी झाली तेव्हा कळलं.

रात्रपाळी
पाइप लावला की शेवटच्या कमांडचा निकाल धरला जातो, म्हणजे tee चा, आणि tee बहुतेक नेहमी यशस्वीच असतो. बॅश स्क्रिप्टमध्ये वर `set -o pipefail` लिहिलं की rsync चं अपयश लपत नाही. लावल्यावर एकदा मुद्दाम अस्तित्वात नसलेला मूळ फोल्डर देऊन पाहावं. पिंग गेला नाही तर जोडणी बरोबर आहे.

मेघना_लिहिते
यावरून वाटतं, ‘हजेरी’ थोडी फसवी आहे. पाटींना जे वाटलं तेच वाचकाला वाटेल, कारण हजेरी कामाच्या आधी लागते. ‘पोच’ कशी वाटते?

शब्दांची_पाटी
पोच घेणारा देतो. इथे सांगतो आहे तो काम करणारा. ‘वर्दी’ बघा: काम झाल्याची वर्दी दिली, वर्दी आली नाही.

अनिकेत७
वर्दी म्हटलं की आग लागल्याचीच आठवते. इथे वर्दी आली तर सगळं ठीक आणि न आली तर गडबड. वाचणारा गोंधळेल.

मेघना_लिहिते
मुद्दा बरोबर आहे, तरी ‘वर्दी’ माझ्या मनातून जात नाहीये. आणखी एक: ‘पीरियड’ आणि ‘ग्रेस टाइम’ हे दोन आकडे भरावे लागतात. ‘मुदत’ आणि ‘वाढीव मुदत’ चालेल?

रात्रपाळी
चालेल, पण मुदत कुठून मोजायची तेही लिहा, सगळे तिथेच अडखळतात. समजा मुदत १ दिवस आणि वाढीव १ तास. हेल्थचेक्स नावाच्या अशाच एका सेवेत सुरुवातीला हेच आकडे असतात. सोमवारी सिंक २० मिनिटांत आटोपला, पिंग २:२० ला आला. पुढची मुदत त्या पिंगपासून मोजली जाते, म्हणजे मंगळवारी २:२०, आणि बोंब ३:२० ला. मंगळवारी फाइली जास्त होत्या, सिंकला ९० मिनिटं लागली. काम व्यवस्थित चाललेलं असताना ३:२० ला मेल येतो आणि १० मिनिटांनी पिंग. असे दोन-चार खोटे मेल आले की माणूस ते उघडेनासा होतो, आणि मग खरा खाडाही तसाच पडून राहतो.

उपाय असा की मुदतीऐवजी क्रॉनचंच वेळापत्रक पहारेकऱ्याला द्यायचं. मग मोजणी रोज २:०० पासून होते. वाढीव मुदत सगळ्यात लांबलेल्या सिंकपेक्षा थोडी जास्त ठेवायची, इथे २ तास. त्यात पहारेकऱ्याचा टाइमझोन सर्व्हरच्या क्रॉनशी जुळतो ना, ते बघायचं.

सुलभा_प्रशासन
त्यापेक्षा ६ तास ठेवले तर? खोटा मेल कधीच नाही.

रात्रपाळी
मग खऱ्या बिघाडाची बातमी सकाळी ८ ला मिळेल. त्याआधी सिंक पुन्हा चालवायला वेळ हवा असेल तर ६ तास परवडत नाहीत. नुसता बॅकअप असेल तर चालतील.

आणि मेघनाताई, एक चौकट जरूर टाका. हेल्थचेक्समध्ये नव्या नोंदीला पहिला पिंग येईपर्यंत ती ‘नवी’च राहते. तोवरची शांतता ही बोंब मारण्याजोगी धरली जात नाही. पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकलं तर पिंग कधीच पोचत नाही, मेलही कधीच येत नाही, आणि लावणारा निर्धास्त असतो. म्हणून पहिला पिंग डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठायचं नाही.

शब्दांची_पाटी
म्हणजे एकदाही कामावर न आलेल्याचा खाडा धरत नाहीत. शब्द इथेही बसला!

मेघना_लिहिते
‘खाडा’ पक्का. पिंगसाठी पहिल्यांदा ‘पूर्तीची वर्दी’ लिहीन, पुढे नुसतं ‘पिंग’. कंसात काही नाही.

रात्रपाळी
मी अजूनही हजेरीवाला आहे, पण हे वाचताना अडखळायला होत नाही.

सुलभा_प्रशासन
एक राहिलं. आमचा rsync अधूनमधून 24 देतो, म्हणजे यादी केल्यावर काही फाइली मधेच नाहीशा झाल्या. तात्पुरत्याच फाइली असतात, बाकी सगळं गेलेलं असतं. `&&` मुळे तेव्हा पिंग जात नाही. याला खाडा धरायचा का?

रात्रपाळी
मी 24 ला पिंग जाऊ देतो, 23 ला नाही; 23 मध्ये काही फाइली चुकीमुळे राहिलेल्या असतात. पण तुमच्या नाहीशा होणाऱ्या फाइली खरंच तात्पुरत्या आहेत का, हे लॉग बघून तुम्हीच सांगू शकाल. नावं टाकता का इथे?